कथक शिकवणाऱ्या ताईंचा परिचय वाचताना

प्रश्न: मुलीसाठी (वय ८) आणि स्वतःसाठी (वय ३९) कथकचा क्लास शोधत आहे. एका ताईंच्या परिचयात 'लखनौ व जयपूर घराणे, विशारद' एवढेच लिहिले आहे. यावरून काय समजावे?

कोणत्या गुरूकडे, किती वर्षे आणि किती नियमितपणे शिक्षण झाले, हे ज्या परिचयात नाही त्यातील घराण्याच्या उल्लेखाला मी काहीही किंमत देत नाही. दोन घराणी एकत्र आली म्हणून मात्र शंका घेऊ नये. पुण्यात १९४७ साली नृत्यभारती स्थापन करणाऱ्या रोहिणी भाटे लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडे शिकल्या आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडेही, जे स्वतः जयपूर घराण्याच्या सुंदरप्रसादांचे शिष्य होते. असे दोन प्रवाह एकत्र येतात. फक्त कोणाकडून काय मिळाले, हे सांगता आले पाहिजे.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते, कारण माझी स्वतःची सात वर्षे याच एका ओळीवर विसंबून गेली. मी नऊ वर्षांची असताना वडिलांनी मला आमच्या गावातील ज्या क्लासमध्ये घातले, त्याच्या माहितीपत्रकावर एका थोर गुरूंचे नाव होते. सोळाव्या वर्षापर्यंत माझी मध्यमा पूर्ण ही परीक्षा झाली आणि घरी प्रमाणपत्रांची फाइल तयार झाली. पुढे पुण्यात दुसऱ्या बाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी मला नाचायला सांगितलेच नाही. हाताने सोळा मात्रांच्या तीनतालाची टाळी धरून 'तिग्दा दिगदिग थेई' ही तिहाई खालीपासून म्हणून दाखव, एवढेच त्या म्हणाल्या. मला ते जमले नाही.

ही तिहाई अगदी प्राथमिक आहे. बोल तीन मात्रांचा, तो नवव्या मात्रेवर म्हणजे खालीवर सुरू करायचा आणि सलग तीनदा म्हणायचा. नऊ ते अकरा, बारा ते चौदा, मग पंधरा, सोळा आणि शेवटचा 'थेई' पुढच्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. मी ती पायांनी शेकडो वेळा केली होती, पण नेहमी ध्वनिमुद्रणावर, त्यामुळे सम कुठे आहे हे मला गाणे सांगत असे. मोजणे माझ्यात कधी उतरलेच नव्हते. बाईंनी मला सात महिने केवळ तत्कार, म्हणजे पायांचे मूळ काम, आणि पढंत, म्हणजे टाळी धरून बोल तोंडाने म्हणणे, एवढेच दिले. माझ्या पहिल्या शिक्षिकेचे त्या थोर गुरूंकडील शिक्षण म्हणजे दहा दिवसांची एक कार्यशाळा होती, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून तुम्ही परिचय बाजूला ठेवून एक तासिका बसून पाहावी. ताई स्वतः तोंडाने पढंत करून आणि टाळी देऊन शिकवतात की फोनवर गाणे लावतात, हे पाहावे. एखादे मूल समेला एका मात्रेने चुकले, तर त्या लगेच थांबवून त्याच्याकडून ती जागा म्हणवून घेतात का, यावरून त्यांची तालीम दिसते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या क्रमात विशारद पूर्ण ही सातवी परीक्षा आहे आणि ती मेहनतीची आहे, हे मी मान्य करते. पण परीक्षेचा अभ्यासक्रम पाठ करूनही पुढे जाता येते, याचा पुरावा मीच आहे.

माझ्या एका गुरुभगिनीशी माझा यावरून वीस वर्षे वाद चालू आहे. पालकांना तपशील कळत नाहीत, तेव्हा मोठे नाव लिहावे, आणि प्रौढांना तीन महिन्यांत एक नृत्य बसवून द्यावे, नाहीतर ते येणे सोडतात, असे तिचे म्हणणे आहे. माझ्या परिचयात मी बाईंकडची अकरा वर्षे, आठवड्यातून तीन दिवस, असे लिहिते आणि पहिल्या क्लासचे नावही वगळत नाही. प्रौढांनाही मी आधी तत्कारच देते. त्यांना मोजणे मुलांपेक्षा लवकर समजते, मात्र पाय मागे राहतात, म्हणून बरोबरीची म्हणजे संथ लय कित्येक आठवडे सोडायची नसते.

तुमच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. काँक्रीटवर बसवलेल्या फरशीवर पहिल्या महिन्यापासून शंभर घुंगरू बांधून जोरात पाय आपटायला लावत असतील, तर घराणे कोणतेही असो, तिथे जाऊ नका. पाऊल पूर्ण सपाट पडावे आणि गुडघा ताठ नसावा. नडगी किंवा टाच दुसऱ्या दिवशीही दुखत राहिली, तर ते ताईंना सांगा. त्या लय कमी करून पाऊल तपासतात की 'सवय होईल' म्हणतात, ते पाहा.