साखर कारखान्यात उरलेले 12 कोटी कोणाचे?

"बिझनेस एथिक्समध्ये शेअरहोल्डर आणि स्टेकहोल्डर दृष्टिकोनांची तुलना करणारा छोटा निबंध लिहायचाय. व्याख्या पाठ आहेत, पण खरा फरक नेमका कुठे पडतो? उदाहरण देऊन सांगाल का?"

मी सांगलीत कॉमर्स शिकवतो, घरी ऊस आहे. त्यामुळे उदाहरण कारखान्याचंच देतो.

समजा, वाळव्याकडच्या एका खासगी कारखान्याचं हंगामात 6 लाख टन गाळप झालं. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, 14 दिवसांत द्यायची, नाहीतर 15 टक्के व्याज, हा कायदा. ती दिली, पगार आणि हप्ते भागले, आणि 12 कोटी उरले. टनाला 200 रुपये.

इथपर्यंत दोन्ही बाजू एकच बोलतात. नफा कायदा आणि रूढ नीती पाळूनच कमवायचा, हे शेअरहोल्डर दृष्टिकोन मांडणाऱ्या अर्थतज्ज्ञ फ्रीडमननेही 1970 मध्ये लिहिलंय. म्हणून "शेअरहोल्डरवाला शेतकऱ्याला बुडवतो" असं निबंधात लिहू नका, ते चूक आहे.

फरक पडतो तो या 12 कोटींवर. फ्रीडमन म्हणेल, हा पैसा भागधारकांचा. संचालकाने त्यातून ऊसतोड टोळ्यांसाठी पाणी आणि पाळणाघर केलं, तर त्याने मालकांवर परस्पर कर बसवला. टोळ्या टिकून पुढचा हंगाम सुरळीत जाणार असेल, तर मात्र त्याची हरकत नाही, कारण ती नफ्यासाठीचीच गुंतवणूक झाली. म्हणूनच तुलनेसाठी कधीच वसूल न होणारा खर्च निवडा.

स्टेकहोल्डर दृष्टिकोन मांडणारा फ्रीमन (1984) विचारतो, कारखान्याची झळ किंवा फायदा कोणाकोणाला पोचतो? शेतकरी, कामगार, टोळी, कृष्णेचं पाणी पिणारी खालची गावं, सगळे हिशेबात येतात. पण 12 कोटी कोणाला किती, याचं माप तो देत नाही. संचालक कुणा ना कुणाकडे बोट दाखवून कुठलाही निर्णय योग्य ठरवू शकतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 166 मध्येही सभासद, कर्मचारी, समाज, पर्यावरण अशी यादी आहे, पण कोणाचं हित आधी ते सांगितलेलं नाही.

आता सहकारी कारखाना घ्या. तिथे भागधारक म्हणजेच ऊस घालणारा. लाभांशावर 15 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे शिल्लक प्रामुख्याने ऊसदरातूनच हाती येते. वाटतं, वाद मिटला. पण मुकादमाकडून उचल घेऊन बीडहून आलेली टोळी ना सभासद, ना पगारपत्रकावर, ना तिला मतदान. शिवाय तोडणी-वाहतूक शेतकऱ्याच्याच दरातून कापली जाते. म्हणजे मालकाशी इमान राखणाऱ्या संचालकाला तोडणीचा दर कमी ठेवणंच सोयीचं.

मी स्वतः सभासद आहे. तोडणी वाढली की माझं बिल कमी होतं. तरीही तो दर ठरवताना टोळीला समोर बसवायला हवं, असं मी मानतो. फ्रीडमनच्या मांडणीत त्यांना ती जागा मिळत नाही, फ्रीमनच्या मांडणीत मिळते.