आधी क्लास, मग जाहिरातदार: एका मोदक क्लासचा पूर्ण हिशेब

प्रश्न: ताई, माझ्या मराठी रेसिपी चॅनलला चौदा महिन्यांत २,६०० सबस्क्रायबर झाले, पण हातात जवळजवळ काहीच येत नाही. स्पॉन्सर शोधू की ऑनलाइन क्लास सुरू करू? फी किती ठेवायची आणि खरा खर्च किती येतो?

क्लास सुरू करा, आणि एकाच पदार्थाचा करा. मी चिपळूणला राहते, माझं चॅनल पाच वर्षांचं आहे, १८ हजार सबस्क्रायबर आहेत. तरीही माझ्या कमाईतला मोठा वाटा गणपती आणि दिवाळीआधीच्या क्लासचा असतो.

जाहिरातींच्या पैशांचं आधी सांगते, म्हणजे तिकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळेल. यूट्यूबकडून जाहिरातींतला वाटा मिळायला, शॉर्ट्सच्या व्ह्यूजचा वेगळा मार्ग सोडला तर, १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास बघितलेला वेळ लागतो. तुमचे सबस्क्रायबर पुरेसे आहेत, म्हणजे तास कमी पडत असणार. शॉर्ट्सच्या फीडमध्ये लोकांनी घालवलेला वेळ या तासांत धरत नाहीत. म्हणून नुसते शॉर्ट्स टाकून सबस्क्रायबर वाढतात आणि तास तिथेच राहतात. मला सध्या महिन्याला सुमारे ५५ हजार व्ह्यूज मिळतात आणि हजार व्ह्यूजमागे साधारण ३२ रुपये पडतात, म्हणजे १,७६० रुपये. पैसे बँकेत यायला १०० डॉलर साठावे लागतात, त्यामुळे माझ्याकडे पाचेक महिन्यांनी एकदा रक्कम येते. मसालेभाताच्या एका शॉर्टला सहा लाख व्ह्यूज आले होते, त्याचे सहाशेच्या आसपास मिळाले. मराठी चॅनलला परदेशातले प्रेक्षकही असतात, म्हणून खात्यातला अमेरिकी कराचा W-8BEN फॉर्म भरून ठेवा. तो भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या वाट्यावर १५ टक्के कापतात. नाही भरला तर एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात.

आता क्लास. रेसिपी फुकट असताना लोक पैसे कशाला देतील, हा प्रश्न मलाही होता. उत्तर माझ्याच व्हिडिओखालच्या कॉमेंटमध्ये सापडलं. उकडीच्या मोदकांच्या व्हिडिओखाली दर वर्षी तेच लिहिलेलं असायचं: मोदक वाफवताना फुटले, पारी चिकटते, कळ्या पडत नाहीत. कृती सगळ्यांना माहीत होती. त्यांना हवं होतं ते त्यांची उकड बघून 'अजून दोन चमचे पाणी लावून मळा' असं सांगणारं माणूस. फी त्या बघण्याची असते. म्हणूनच रेकॉर्ड केलेला क्लास विकून बघितला तेव्हा तो फारसा खपला नाही. तसा व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेच.

आणि म्हणूनच बॅच बाराची. मी तीस जणांचीही एक बॅच घेऊन पाहिली. निम्म्या बायका गप्प बसून बघत राहिल्या, कुणाची उकड घट्ट झाली ते मला दिसलंच नाही, आणि नंतर चार दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रारींना उत्तरं देत होते. बारा जणींचे हात लॅपटॉपच्या एका पडद्यावर नीट दिसतात.

मागच्या गणपतीआधीच्या पहिल्या बॅचचा हिशेब असा. फी ४५० रुपये, बारा जणी, जमा ५,४००. तालीम आणि प्रत्यक्ष क्लास मिळून नारळ, गूळ, पिठी, तूप, वेलची आणि गॅस यांचे ६०५ झाले. मीटिंगच्या महिन्याभराच्या वर्गणीला सुमारे १,४०० गेले. भाची शेजारी बसून चॅट वाचते आणि कुणाचा कॅमेरा वर गेला ते सांगते, तिला ५०० देते. खर्च २,५०५, उरले २,८९५. वेळ मात्र साडेअकरा तास गेला: तालीम तीन तास, आधीची यादी आणि पिठीची तपासणी चार तास, क्लास अडीच तास, नंतरच्या शंका दोन तास. तासाला अडीचशे रुपये पडले. इथेच थांबले असते तर 'परवडत नाही' म्हणून सोडून दिलं असतं.

पण त्याच महिन्यात त्याच पदार्थाची दुसरी बॅच घेतली. वर्गणी भरलेलीच होती, तालीम लागली नाही, यादी आणि सूचना तयार होत्या. सामान ३०० आणि भाचीचे ५००, एवढाच खर्च. ५,४०० मधून ४,६०० उरले, आणि वेळ सहा तास. तासाला साडेसातशेच्या वर. तिसरी बॅचही तशीच गेली. तीन बॅच मिळून हाती १२,०९५ राहिले. नव्या माणसांची चूक इथेच होते. दर रविवारी नवा पदार्थ ठेवतात आणि प्रत्येक क्लास पहिल्या बॅचइतका महाग पडतो.

तुमचा पहिला क्लास मोठ्या फीने सुरू करू नका. माझा पहिला २५० रुपयांचा होता, तेव्हा चॅनलला २,१०० सबस्क्रायबर होते, सात जणी आल्या. त्यातल्या पाच कॉमेंटमधून आलेल्या. ज्यांनी 'माझे फुटले' लिहिलं होतं त्यांना मी आधी नीट उत्तर दिलं आणि मग क्लासची तारीख कळवली. फी दोन बॅच भरल्यावर वाढवली.

क्लास बिघडतो तो बहुतेक वेळा पिठीमुळे. प्रत्येकीच्या घरची पिठी वेगळी असते. नव्या तांदळाची चिकट होते, जुन्या तांदळाची पाणी जास्त पिते, आणि भाकरीचं जाडसर पीठ घेऊन बसलेली एक तरी असतेच. म्हणून मी दोन दिवस आधी सगळ्यांकडून एक चाचणी करून घेते. एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, उकळी आली की एक वाटी पिठी, झाकून मंद आचेवर दोन मिनिटं आणि गॅस बंद करून पाच मिनिटं. मग गरम असतानाच मळून लिंबाएवढ्या गोळ्याची वाटी करायची आणि कडेचा फोटो पाठवायचा. कडेला भेगा असतील तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं, तरीही भेगा राहिल्या तर पिठी बदलायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते केल्यापासून मला एकदाही फी परत करावी लागलेली नाही.

परदेशातल्या मुलींसाठी शनिवारची बॅच रात्री आठला ठेवते. ऑगस्टमध्ये न्यू जर्सीला तेव्हा सकाळचे साडेदहा असतात. त्यांना आधीच सांगावं लागतं की थाई दुकानातली चिकट तांदळाची पिठी आणू नका, साधी आणा. खवलेला गोठवलेला नारळ चालतो, फक्त पूर्ण वितळू द्यायचा आणि पाणी पिळून काढायचं. फी बहुतेकींचे इथले आईवडील यूपीआयने भरतात. यूपीआयने थेट घेतलं की मधलं कमिशन जात नाही. जागा पैसे आल्यावरच पक्की करा, ओळखीच्या असल्या तरी.

सामान थोडंच लागतं. हातांवरून खाली बघणारा मोबाइल स्टँड, कॉलर माइक आणि एक पांढरा एलईडी दिवा, मला सगळं मिळून साडेपाच हजारांत झालं. वरचा मोबाइल आणि समोरचा लॅपटॉप दोन्ही एकाच मीटिंगमध्ये घेता तेव्हा एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. एक्झॉस्ट पंखा तालमीत चालू ठेवून आवाज ऐकून बघा. मीटिंगच्या फुकट खात्याला वेळेची मर्यादा असते. माझी पहिली मीटिंग ऐन पारी करताना तुटली, सगळ्या परत येईपर्यंत उकड गार झाली आणि कळ्या पडेनात. त्या दिवसापासून क्लासच्या महिन्यापुरती वर्गणी भरते.

गणपतीनंतर पितृपक्षात कुणी क्लास लावत नाही, तो काळ दिवाळीच्या तयारीला वापरा. अनारशांचा क्लास मी दोन बैठकांत घेते, कारण तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे असतात आणि गुळात कालवलेलं पीठही मुरावं लागतं. पहिल्या बैठकीत पीठ, आठवड्याने तळणं. त्याची फी ७०० ठेवते आणि तीच बॅच सगळ्यात आधी भरते, कारण अनारसा तुपात का विरघळतो ते एकटीने शोधणं फार अवघड आहे.

स्पॉन्सरचं बोलायचं तर २,६०० सबस्क्रायबरवर बहुतेक वस्तूच येतील: तवा, मसाल्याची पाकिटं, कधी मिक्सर. वस्तू ठेवून घेतली तर ते उत्पन्नच समजलं जातं, आणि एका कंपनीकडून वर्षात २० हजारांच्या वर गेलं की त्यावर दहा टक्के टीडीएस लागतो. परत करायची असेल तर नाही. मला पहिले रोख ६,००० एका मसालेवाल्यांकडून मिळाले, व्हिडिओतल्या पाऊण मिनिटाचे. पैसे यायला चार महिने लागले, कारण मी तारीख लिहून घेतली नव्हती. आता निम्मे आधी घेते आणि तीन गोष्टी मेलवर लिहून घेते: बदल किती वेळा करून देणार, माझा व्हिडिओ ते स्वतःची जाहिरात म्हणून किती दिवस चालवणार, आणि किती महिने मी दुसरा मसाला दाखवायचा नाही. तिसऱ्या अटीचे वेगळे पैसे मागा. सहा महिने बांधून घेतलं तर दिवाळीची कामं जातात.

व्हिडिओ मराठीत असेल तर 'ही जाहिरात आहे' हेही मराठीतच आणि व्हिडिओतच सांगा. केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात, खाली वर्णनात लपवून चालत नाही. आणि करार म्हणून आलेली .zip किंवा .scr फाईल कधीही उघडू नका. त्यातून चॅनलचं लॉगिन चोरतात. खरी कंपनी करार साध्या पीडीएफमध्ये पाठवते आणि फोनवर बोलायला तयार असते.

तुमच्या चॅनलवर कुठल्या व्हिडिओखाली 'माझं बिघडलं' अशा कॉमेंट सगळ्यात जास्त आहेत, ते आज बसून मोजा. पहिला क्लास त्याच पदार्थाचा घ्या. कुठला निघाला ते इथे लिहिलंत तर चाचणी कशी ठेवायची ते सांगते.