‘हाउ मे आय हेल्प यू’चं ‘मी तुमची कशी मदत करू शकतो?’ असं भाषांतर कृत्रिम का वाटतं? मग सहज काय म्हणावं?

निम्मा घोळ ‘तुमची’मुळे होतो. ‘तुमची खूप मदत झाली’ असं आपण म्हणतो तेव्हा मदत करणारे तुम्ही असता. म्हणून ‘तुमची मदत करतो’ हे कानाला उलटं लागतं. ते हिंदीतल्या ‘आपकी मदद’वरून आलंय, मराठीत मदत ‘तुम्हाला’ करतात. उरलेला घोळ ‘शकतो’चा. घरी आलेल्याला आपण ‘चहा टाकू का?’ असं विचारतो. ‘मी चहा टाकू शकते का?’ हे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरताना विचारायचं.

मी काही वर्षं एका बँकेच्या ग्राहक सेवेत फोनवर होते. स्क्रिप्टमध्ये पहिलंच वाक्य ‘मी आपली काय मदत करू शकते?’ ते ऐकून लोक क्षणभर गप्पच व्हायचे. कुणी म्हणायचं, ‘नाही, मदत नको, बॅलन्स विचारायचा होता.’ पेन्शनची चौकशी करणाऱ्या एका आजोबांनी तर सुनावलं, ‘मदत कसली? पैसे माझेच आहेत. जमा झाले का, तेवढं सांगा.’ त्यांचं अगदी बरोबर होतं. मदत अडलेल्याला करतात, पूरग्रस्तांना करतात. स्वतःच्या खात्याची चौकशी करणारा माणूस अडलेला नसतो.

मी ‘नमस्कार, बोला, काय काम होतं?’ असं सुरू केलं आणि माणसं लगेच मुद्द्यावर यायला लागली. सुपरवायझरनी मात्र माझे गुण कापले. म्हणे, ‘बोला’ हे वाण्याच्या दुकानात चालतं. त्यांना मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगेन: दुकानदार ‘या, बसा, काय दाखवू?’ म्हणतो त्यात जेवढं अगत्य आहे, तेवढं तुमच्या त्या छापील वाक्यात नाही. मराठीत मान ‘आपली’ घालून वाढत नाही. समोरच्याला काय हवंय ते सरळ विचारलं की तो आपोआप राखला जातो.

म्हणून जागा बघून बोला. दुकानात ‘काय दाखवू?’, ऑफिसात ‘बोला, कोणाकडे काम आहे?’, फॉर्म घेऊन घोटाळणाऱ्या बाईंना ‘भरून देऊ का?’, जड पिशवी दिसली तर ‘धरू का?’. फोन ठेवताना ‘आणखी काही विचारायचंय?’ पुरे. ‘आणखी काही लागलं तर सांगा’ हेही छान.

आता हेही खरं की नुसतं ‘बोला’ तुटक स्वरात म्हटलं तर खेकसल्यासारखं वाटतं, आधी ‘नमस्कार’ किंवा ‘या’ हवं. आणि माणूस खरंच संकटात असेल, अपघात झाला असेल, तर ‘काय मदत हवी आहे?’ हेच विचारावं. पण तिथेही ‘शकते’ नको. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी इंग्रजी कागद बाजूला ठेवावा आणि काउंटरवर जुन्या माणसाशेजारी तासभर बसून तो काय बोलतो ते उतरवून घ्यावं. आमच्या साहेबांना मी हेच सुचवलं होतं.