स्टायलिस्टचा तिमाही आढावा

प्रश्न: सलोनमध्ये चार स्टायलिस्ट आहेत. दर तीन महिन्यांनी कोणाचं काम कसं चाललंय, हे कसं ठरवू?

रीबुकिंग, म्हणजे किती गिऱ्हाइकं परत येतात, ते बघताना नवी आणि जुनी वेगळी मोजा. समजा, एकीच्या 60 पैकी 36 जणी आठ आठवड्यांत परत आल्या. आकडा बरा दिसतो. फोड केली तर जुन्या 40 पैकी 32, नव्या 20 पैकी फक्त 4. गळती पहिल्या भेटीतच आहे.

न आलेल्यांना रिसेप्शनवरून फोन जाऊ दे. स्टायलिस्टला तोंडावर कोण खरं सांगणार? ‘टोकं काळपट झाली’ असं दोघी-तिघी म्हणाल्या, तर चाचणी रूट टचअपचीच घ्या. रंग फक्त नव्या वाढीला लावतेय की दर वेळी टोकांपर्यंत ओढतेय, ते शेजारी उभं राहून बघा. केराटिन करून घेणाऱ्या आठ आठवड्यांच्या हिशेबात नकोत, त्या एवढ्यात येतच नाहीत.