दगड टाकून विहिरीची खोली: सूत्र दोरीपेक्षा जास्त का दाखवतं?

प्रश्न: शेतातल्या विहिरीत दगड सोडला आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजली. १.८ सेकंद आली. सूत्राने पाणी ५२ फुटांवर निघतं, पण दोरी सोडून पाहिली तर ३९ फुटांवरच लागतं. आवाज वर यायला वेळ लागतो म्हणून हा फरक पडतो का?

उत्तर:

थोडासा, म्हणजे तीनेक फूट. उरलेले दहा फूट तुमच्या अंगठ्याचे आहेत.

आधी आवाजाचा हिशेब उरकून टाकू. सेकंदाच्या वर्गाला १६ ने गुणलं की फुटांत खोली येते, हे सूत्र तुम्ही वापरलंच आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो, म्हणून ५२ फूट वर यायला त्याला जेमतेम ०.०५ सेकंद लागतात. तेवढे १.८ मधून वजा करून पुन्हा गणित केलं की ४९ फूट येतात. आता हे ४९ घेऊन तीच वजाबाकी आणखी एकदा करा, आकडा फारसा हलत नाही. वर्गसमीकरण सोडवण्यापेक्षा मला ही पद्धत सोयीची वाटते, कागदाच्या कोपऱ्यावर होते.

आता उलट बाजूने पाहू. दोरीचे ३९ फूट खरे धरले तर दगड पडायला १.५६ सेकंद आणि आवाज परत यायला ०.०३ सेकंद, म्हणजे घड्याळात १.६ यायला हवे होते. तुमच्याकडे ०.२ सेकंद जास्त आले. दगड तुम्हीच सोडलात, त्यामुळे सोडायचं आणि बटण दाबायचं हे दोन्ही तुमच्याच मनात एकदम ठरलं आणि सुरुवात वेळेवर झाली. ‘डुबुक्’ मात्र कधी होणार हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. ते ऐकायचं आणि मग अंगठा हलवायचा, यात बहुतेकांचे साधारण ०.२ सेकंद जातात. तुमच्या आकड्यांत नेमकी तेवढीच तफावत आहे.

एवढ्याशा वेळेने दहा फूट कसे वाढतात? पाण्याजवळ पोचेपर्यंत दगडाचा वेग सेकंदाला ५० फूट झालेला असतो. तुमचा अंगठा उशिरा पडला त्या ०.२ सेकंदात दगड, सूत्राच्या हिशेबाने, आणखी १० फूट खाली गेला. विहीर जितकी खोल तितका शेवटचा वेग जास्त, आणि तितकीच ही चूकही महाग.

दहा वेळा दगड टाकून सरासरी काढावी असं वाटेल, पण अंगठा दर वेळी उशिराच पडत असेल तर सरासरीही उशिराचीच येणार. त्यापेक्षा दगड दुसऱ्याला सोडू द्या आणि त्याचा हात पाहून बटण दाबा. मग सुरुवातही तेवढीच उशिरा होते आणि दोन्ही उशीर बरेचसे एकमेकांत कटतात. सर्वांत चांगलं म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ काढणं. हात दिसला पाहिजे आणि आवाज ऐकू आला पाहिजे, बस्स. नंतर एडिटिंगच्या ॲपमध्ये एकेक फ्रेम सरकवत दगड हातातून सुटल्याची फ्रेम आणि आवाजाच्या पट्टीवर पहिला उंचवटा येतो ती जागा शोधा. सेकंदाला ३० फ्रेमचा साधा व्हिडिओ असला तरी एका फ्रेमची चूक तुमच्या विहिरीत पावणेदोन फुटांच्या आतच राहते.

दगड लिंबाएवढा घ्या. हरभऱ्याएवढ्या खड्याला हवा चांगलीच अडवते आणि विहीर आहे त्यापेक्षा खोल वाटते. लिंबाएवढ्या दगडाला ३९ फुटांत ती जेमतेम अर्धा फूट फरक पाडते. तो फेकू नका, नुसती बोटं उघडा. हात कठड्याबाहेर काढून सोडा, कारण बांधकामाला घासून गेलेला दगड हिशेबातून बाद. आधी ‘टक्’ आणि मग ‘डुबुक्’ ऐकू आलं तर ती वेळ सोडून द्या. हात कठड्याच्या वर जितका होता तितकी उंची शेवटी वजा करायची.

आणि हे सगळं करून जे हाती येतं ते पाण्यापर्यंतचं अंतर. पाणी किती आहे ते दगड सांगत नाही. ते हवं असेल तर दोरीला वजन बांधून तळाला टेकवा, दोरी सैल पडली की खूण करा, आणि भिजलेला भाग मोजा. तुमच्याकडे दोरी आहेच, तेव्हा ३९ हाच आकडा धरून चाला.

पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत हा प्रयोग नको. बोअरमध्ये तर मुळीच नको: सहा-साडेसहा इंचांच्या भोकात दगड कडांना आपटतच जातो, म्हणून वेळेला काही अर्थ राहत नाही, आणि आत मोटर असेल तर तो तिच्यावर किंवा पाइपच्या फटीत अडकून बसतो.