टिपरचा जॅक टप्प्याटप्प्याने कसा चढतो?

प्रश्न : सर, जॅक चढताना आधी जाड नळीच का निघते?

जॅकमध्ये एकात एक बसणाऱ्या नळ्या असतात, प्रत्येक नळी म्हणजे एक टप्पा. आत ऑइलचा दाब सगळ्या टप्प्यांवर सारखाच असतो. पण जाड टप्प्याचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून तो कमी दाबातच भार उचलतो. समजा टप्प्यांचे व्यास 150, 130 आणि 110 मिलिमीटर आहेत आणि जॅकवर 10 टन भार आहे. पहिल्याला चौरस सेंटिमीटरला साधारण 57 किलो दाब पुरतो, दुसऱ्याला 75 लागतो, तिसऱ्याला 105. दाब 57 ला पोहोचला की जाड नळी आतल्या दोघींना घेऊन वर निघते. ती शेवटाला अडली की मगच दाब पुढे चढतो आणि मधली सुटते.

प्रश्न : शेवटी हौदा भरभर उठतो. पंप बिघडला का?

नाही. ऑइल तेवढंच येतं, नळी बारीक होते, म्हणून वेग वाढतो.

प्रश्न : पावसाळ्यात काळी माती भरली की शेवटचा टप्पा निघत नाही. मेकॅनिक म्हणतो, व्हॉल्व्ह आवळून प्रेशर वाढवू. करू का?

अजिबात नको. नाशिकमध्ये पाऊस सुरू झाला की हाच प्रश्न येतो आणि हाच उपाय सांगितला जातो.

खडी असली तर हौदा थोडा उठताच मागून सांडायला लागते. शेवटच्या बारीक टप्प्यापर्यंत भार बराच उतरलेला असतो. ओली काळी माती मात्र हौद्याच्या पुढच्या भागाला चिकटून बसते आणि जवळजवळ सगळा भार सर्वांत बारीक नळीवर येतो. दाब ठरलेल्या हद्दीला गेला की रिलीफ व्हॉल्व्ह ऑइल टाकीत परत सोडतो आणि हौदा तिथेच थांबतो. म्हणजे व्हॉल्व्ह त्याचं काम चोख करतोय. तो आवळलात तर होज फुटेल, सील जाईल, नाहीतर नळी वाकेल. त्याहून वाईट म्हणजे मातीचा गोळा उंचावर अडकलेला असताना एका बाजूची चाकं भुसभुशीत भरावात रुतली, तर अख्खी गाडी आडवी होते. हा जॅक वर ढकलण्यासाठी आहे, हौद्याला बाजूने आवरण्यासाठी नाही.

हौदा थांबला की सावकाश खाली घ्या, माती मोकळी करा. पुढच्या खेपेला कमी भरा. कोरडी खडी भरूनही तो अडत असेल, तर हायड्रॉलिकवाल्याकडून गेज लावून दाब मोजून घ्या. मोजल्याशिवाय व्हॉल्व्हला पाना लावू देऊ नका.

प्रश्न : आमचा मधला टप्पा आधी निघतो, मग जाड नळी दणक्यात सुटते. चालवू का?

नको. जाड नळी कुठेतरी अडकते आहे. तिच्यावर एकाच बाजूला उभे चरे दिसले, तर ती वाकडी घासते आहे. जॅक खोलून तपासून घ्या. नुसते सील बदलून देतो म्हणणाऱ्याला आधी नळीचा सरळपणा मोजायला लावा.

प्रश्न : खाली यायला पंप लागतो का?

नाही. हौद्याच्या वजनानेच ऑइल परत जातं आणि बारीक टप्पा आधी बसतो. म्हणूनच होज फुटली तर हौदा क्षणात खाली येऊ शकतो. टेकू लावल्याशिवाय ग्रीस मारायलासुद्धा त्याखाली जाऊ नका.