'सोमवारी रात्री साडेबारा' म्हणजे कोणती तारीख?

"मी लातूरला असतो. न्यू यॉर्कच्या लोकांना मीटिंगांची यादी त्यांच्या वेळेत पाठवायची आहे. आमच्या यादीत 'सोमवार, ६ जुलै, रात्री साडेबारा' असं लिहिलंय. तारीख ६ धरायची की ७? आणि तिकडे आदला दिवस येतो, त्याला 'काल' म्हणावं का?"

७ धरा, पण लिहिणाऱ्याला एकदा विचारून. आपल्याकडे वार बदलतो तो सूर्योदयाला, पंचांगातही तसंच. शेतातल्या मोटरीला 'सोमवारी रात्रीची लाईट' आहे म्हटलं की पहाटेपर्यंतचं पाणी सोमवारच्याच खात्यात जातं. घड्याळ मात्र मध्यरात्रीच मंगळवार लावून मोकळं होतं. म्हणून बोलण्यातली सोमवारची साडेबाराची रात्र कागदावर '७ जुलै, ००:३०' होते.

आता वजाबाकी. जुलैत न्यू यॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. ७ जुलैचे ००:३० म्हणजे तिथे ६ जुलै, सोमवार, दुपारचे ३. तारीख ६ धरली असती तर ५ जुलैची दुपार आली असती, आणि तो रविवार आहे. कामाची मीटिंग रविवारी पडली की समजायचं, रात्रीचा वार चुकला. आठवड्याच्या मधल्या रात्री चूक अशी डोळ्यांत भरत नाही, म्हणून विचारायला सांगितलं.

यादीतल्या बाकी ओळींना एकच कसोटी पुरते: आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजायच्या आत असलेली प्रत्येक वेळ तिकडे आदल्या तारखेला जाते. मंगळवार, ७ जुलै, सकाळी साडेसात म्हणजे त्यांचा सोमवार, रात्रीचे १०. संध्याकाळी साडेसहा ही त्याच दिवशीची त्यांची सकाळी ९ ची वेळ.

एक्सेलमध्ये तारीख आणि वेळ एकाच रकान्यात ठेवा:

```
=A2-TIME(9,30,0)
```

A2 मध्ये नुसती वेळ असेल तर साडेनऊच्या आधीच्या ओळींत उत्तर शून्याखाली जातं आणि ##### दिसतं. लोक मग रकाना रुंद करत बसतात. दोष रुंदीचा नसतो, वजा करायला आदला दिवसच दिलेला नसतो.

'काल' मात्र लिहू नका. 'काल' बोलणाऱ्याच्या आजपासून मोजतात, आणि वाचणाऱ्याचा आज वेगळा आहे. 'आदल्या दिवशी' दिलेल्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे आपापसात बोलताना तोच शब्द बरा. यादीत तर तोही नको. दोन्हीकडचा वार आणि तारीख पूर्ण लिहा: 'भारत: मंगळ, ७ जुलै, ०७:३० / न्यू यॉर्क: सोम, ६ जुलै, २२:००'.

यादी दिवाळीपर्यंत लांबली तर १ नोव्हेंबर २०२६ ला तिकडची घड्याळं तासभर मागे जातील. सोमवार, २ नोव्हेंबरपासूनच्या ओळींना TIME(10,30,0) लावा. तारीख बदलायची सीमाही तेव्हा सकाळी साडेदहावर सरकते.